धागा: कोळेरोगावरचा लेख नेमका कुणासाठी लिहायचा? मुलाखती आणि प्रतिक्रियांतून एक वाचक उभा करताना

माणिक_फोंडा

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून गोव्यातल्या कुळागरांवर मराठीतून एक छोटं संकेतस्थळ चालवतो. पोफळी, माड, मिरी, जायफळ, पाटाचं पाणी, असे विषय. लिहिणारे दोघे कृषी पदवीधर आहेत, संपादन मी बघते.

गेल्या पावसाच्या तोंडावर सुपारीच्या कोळेरोगावर, म्हणजे फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे हिरवी सुपारी गळते त्या रोगावर, आणि त्यासाठीच्या मोरचूद-चुन्याच्या फवारणीवर लेख दिला होता. तो बराच फिरला आणि खाली प्रतिक्रियाही भरपूर आल्या. त्यातल्या चार इथे देते, नावं काढून:

"फवारणीला माणूस कुठे मिळेल? आमचा पाडेली यंदा येत नाही म्हणतो."

"मिश्रण बरोबर झालंय की नाही कसं ओळखायचं? फवारणीवाला म्हणतो मला शिकवू नका."

"फायटोफ्थोराची नेमकी प्रजाती लिहायला हवी होती."

"मी मुंबईला असतो. भाऊ म्हणतो दोन फवारण्यांचे पैसे पाठव. खरंच दोन लागतात का?"

या चौघांना एकच लेख कसा पुरणार? यंदा तोच विषय नव्याने लिहायचा आहे, पाऊस लागायच्या आत. वाचक समजून घ्यायला म्हणून फोंडा, सत्तरी आणि सांगे या भागांतल्या आठ-नऊ जणांशी मी घरी जाऊन बोलले. वहीभर टिपणं आहेत. पण या टिपणांतून आणि प्रतिक्रियांतून "लेख हिच्यासाठी आहे" असं ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा एकच माणूस कसा काढायचा? कुणी हे काम प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा.

डिजिटल_दिनेश

ताई, यासाठी मुलाखतींची गरजच नाही. संकेतस्थळाच्या आकडेवारीत सगळं मिळतं. वय, पुरुष की स्त्री, शहर, मोबाईल कुठला. बहुतेक २५ ते ३४ वयाचा पुरुष, पणजी, अँड्रॉइड असं दिसेल. त्याला एक नाव द्या, एक फोटो लावा, आवडीनिवडी लिहा, झाला तुमचा वाचक. आम्ही दुकानांच्या जाहिरातींसाठी असंच करतो. आणखी एक, सर्च कन्सोलमध्ये लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत पोहोचतात ते आठवड्यावार बघा. जूनचे शब्द आणि ऑगस्टचे शब्द वेगळे निघतील.

बाबल_सत्तरी

माझ्या माड्यांच्या सुपाऱ्या हिरव्या असतानाच गळतात, देठाजवळ पाणी लागल्यासारखा काळपट डाग असतो. गेल्या वर्षी दोनदा मारलं तरी गळल्या. कोळेरोगच ना हा? दुसरं काही मारू का?

अनुजा_पर्वरी

वाचक-संशोधन हे माझं रोजचं काम आहे, बहुतेक बँकांच्या आणि रुग्णालयांच्या अ‍ॅपसाठी. थोडं लांबेल, पण सुरुवातीपासून लिहिते.

दिनेश, शोधशब्दांबद्दल तुम्ही अगदी बरोबर बोललात. माणिक, ती यादी आधी काढून ठेव. पण वय आणि शहर यांवर माणूस उभा करू नकोस. आकडेवारीतलं वय हा बहुतेक वेळा वागण्यावरून बांधलेला अंदाज असतो, आणि मोबाईल इंटरनेटवरून ठिकाण ढोबळच कळतं. शिवाय घरात फोन मुलाच्या नावावर आणि वाचणारी आई, हे गोव्यात घरोघरी आहे. त्याहून मोठी अडचण अशी की "पणजीतला तीस वर्षांचा पुरुष" हे कळून तुझ्या लेखातलं एकही वाक्य बदलत नाही. लेख बदलतो तो वाचणारा त्या क्षणी काय करायच्या बेतात आहे यावर.

आता प्रतिक्रिया. प्रत्येक प्रतिक्रिया जशीच्या तशी एका तक्त्यात उतरव. शेजारी तारीख, कुठल्या लेखावर आली ते, आणि ती कुठल्या जातीची आहे ते: प्रश्न, दुरुस्ती, स्वतःचा अनुभव, की नुसतं "छान माहिती". शेवटची जात बाजूला ठेव. प्रश्न सगळ्यांत मोलाचे, आणि त्यांतही ज्या प्रश्नांत दुसरा माणूस डोकावतो ते. तुझ्या चारपैकी तीन प्रश्नांत असा दुसरा माणूस आहे बघ. पाडेली, फवारणीवाला, भाऊ. म्हणजे वाचणारा एकटा निर्णय घेत नाहीये, कुणाशी तरी बोलून काम करून घेतोय. प्रजाती विचारणारा तेवढा एकटा आहे.

मात्र प्रतिक्रिया देणारे म्हणजे वाचक नव्हेत. जेकब नील्सन यांनी २००६ साली मांडलेला ठोकताळा आहे: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एक जण सतत बोलतो. आकडा प्रत्येक ठिकाणी तंतोतंत लागू होत नाही, पण कल तोच असतो. तो सतत बोलणारा एक बहुधा जाणकार असतो. नुसत्या प्रतिक्रियांवरून वाचक बांधलास तर लेख प्रजातीच्या दिशेने सरकत जाईल. मुलाखती लागतात त्या न बोलणाऱ्या नव्वदांसाठी. प्रतिक्रियांवरून कुणाला गाठायचं ते ठरवायचं, आणि मुलाखतीत त्या प्रश्नामागे काय घडलं होतं ते विचारायचं.

मुलाखतीत तू नेमकं काय विचारलंस ते आधी सांग. पुढचं सगळं त्यावर आहे.

माणिक_फोंडा

@अनुजा, मुख्य प्रश्न असे होते: आमचे लेख वाचता का, कसे वाटतात, कुठले विषय हवेत, लेख लांब हवा की छोटा. आणि मग गप्पा. गप्पांतच जास्त निघालं.

@बाबल_सत्तरी, बाब, हा धागा लेख कसा लिहायचा यावर आहे. तुमचा प्रश्न मात्र मी आमच्या लेखकांना दाखवते.

केशर_डिचोली

माझा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि पालकांसाठी वाचनावर लेख लिहिते. लिहिण्याआधी पालकांच्या घरी जाऊन विचारलं, मुलं घरी काय वाचतात? सगळीकडे चहा, खाजे, आणि "बाई, रोज अर्धा तास गोष्टीचं पुस्तक वाचतो." वर्गात मुलांना विचारलं तर चित्र वेगळं. पालक खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. दारात बाई आल्यात म्हटल्यावर माणूस चांगलंच सांगणार. मग माझ्या नणंदेला पाठवलं, ती कुणाला ओळखीची नव्हती. तिने एवढंच विचारलं, "काल रात्री जेवण झाल्यावर मुलगा काय करत होता?" तेव्हा खरं बाहेर आलं.

अनुजा_पर्वरी

केशरताईंच्या नणंदेने जो प्रश्न विचारला तोच खरा प्रश्न. "तुम्हाला काय आवडेल" याला माणूस मनात येईल ते आणि समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर देतो. "मागच्या वेळी काय झालं" याला त्याला आठवावं लागतं.

माणिक, तू त्यांच्यातल्या चार-पाच जणांना पुन्हा फोन कर आणि एकच गोष्ट विचार: मागच्या पावसात सुपारी गळायला लागली तो दिवस सांगा. आधी कुणाला दिसलं? मग कुणाला फोन केला? मोबाईलवर काही शोधलं का, काय टाइप केलं? लेख उघडला असेल तर कुठे बसून वाचला आणि वाचून लगेच काय केलं? पैसे कुणी दिले? मधेच सुचवू नकोस, "मग?" एवढंच म्हण आणि थांब. बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून घे. नाही म्हणाले तर फोन ठेवल्याबरोबर त्यांचे शब्द लिहून काढ. दुसऱ्या दिवशी लिहिलंस तर ते तुझे शब्द होतात.

मधुकर_म्हापसा

वृत्तपत्राच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. आम्हाला शिकवलं होतं की अंक पेडण्यापासून काणकोणापर्यंत जातो, म्हणून सगळ्यांना कळेल असं लिहा. एकाच बाईसाठी लिहिलंत तर बाकीचे म्हणतील हा लेख आमचा नाही. ही पद्धत माल विकणाऱ्यांची आहे. माहितीच्या लेखाला ती लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अनुजा_पर्वरी

मधुकरकाका, उलट अनुभवाचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. वॉरन बफे यांनी १९९८ साली अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने काढलेल्या सोप्या इंग्रजीवरच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिली. त्यात ते सांगतात की कंपनीचा वार्षिक अहवाल लिहिताना डोरिस आणि बर्टी या आपल्या बहिणींशी बोलतोय असं ते समजतात. दोघी हुशार, पण हिशेबशास्त्रातल्या तज्ज्ञ नव्हेत. तो अहवाल जगभरचे भागधारक वाचतात आणि त्यांना तो परका वाटत नाही. वाचणाऱ्याला किती माहीत आहे आणि काय माहीत नाही हे ठरलेलं असलं की वाक्य नेमकं होतं, आणि नेमकं वाक्य इतरांनाही कळतं. "सगळ्यांसाठी" लिहिताना काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला आधारच राहत नाही.

मधुकर_म्हापसा

उदाहरण चांगलं आहे. पण त्या त्यांच्या खऱ्या बहिणी होत्या, मुलाखतींतून जुळवलेलं माणूस नव्हे. मग माणिकनेही त्या आठ-नऊ जणांतली एक खरी बाई समोर ठेवावी आणि तिला पत्र लिहितो तसं लिहावं. जुळवाजुळव कशाला?

अनुजा_पर्वरी

हा प्रश्न मलाही पडतो, आणि खरं माणूस समोर असण्याची ताकद मोठी आहे हे मान्य. पण एका खऱ्या माणसाच्या खास गोष्टीही लेखात येतात. तिचा दीर कृषी खात्यात असेल तर माहिती तिला फोनवर मिळते, बाकीच्यांना मिळत नाही. तीन-चार जणांत जे समान आहे तेवढंच घेतलं की हा धोका कमी होतो. दुसरं कारण गोव्याचं आहे. इथे तालुका, झाडांची संख्या आणि नवरा कुठल्या बोटीवर आहे एवढं लिहिलं की वाड्यावरच्या कुणालाही कळतं ही कोण ते. ज्यांनी घरात बसवून मनातलं सांगितलं त्यांची ओळख अशी उघडी पडू नये.

माणिक_फोंडा

फोन केले. त्यातलं दोघींचं थोडक्यात लिहिते, ओळख पटणार नाही अशा बेताने.

पहिली तिशी-पस्तिशीतली. नवरा बोटीवर. गळ तिने सकाळी पाट सोडायला गेली तेव्हा पाहिली. खाली पडलेल्या सुपाऱ्यांचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकला. कुणीतरी आमच्या लेखाचा दुवा दिला. तो तिने ओसरीवर उभं राहून वाचला, कारण फवारणीवाला अंगणात थांबला होता. म्हणाली, "पहिला परिच्छेद रोगाचा होता, मी खाली खाली सरकवत गेले. मला एवढंच हवं होतं की त्याने पिंपात जे कालवलंय ते बरोबर आहे का." सापडेपर्यंत माणूस झाडावर चढला होता.

दुसरी साठीच्या पुढची. मुलगा वेर्ण्याला कामाला, शनिवार-रविवार घरी. तिने लेख सुनेकडून वाचून घेतला. फवारणी करून घेतली, पण मुलाने विचारलं, "दुसरी कशाला, एकदा मारलं ना?" तिला उत्तर देता आलं नाही, म्हणून दुसरी राहून गेली. ऑगस्टात गळ झाली.

या दोघी वयाने आई-लेकीसारख्या. त्यांना एकत्र कसं धरायचं?

अनुजा_पर्वरी

अगदी धरायचं. आता कागद आडवा घे आणि त्यावर चार-पाच आडव्या रेघा मार. प्रत्येक रेघेची दोन टोकं म्हणजे वागण्याची दोन टोकं. तुझ्या बाबतीत मला अशा सुचतात: स्वतः चढून फवारतो ते माणसाकडून करून घेतो, कुळागरातच राहतो ते लांबून सांभाळतो, पावसाआधी वाचतो ते गळ दिसल्यावर वाचतो, पैशाचा निर्णय स्वतःचा ते घरात कुणाला पटवून द्यावा लागतो. वय, शिक्षण आणि तालुका यांच्या रेघा मारू नकोस.

प्रत्येक मुलाखतीला एक अक्षर दे आणि ते अक्षर प्रत्येक रेघेवर जिथे बसतं तिथे लिही. मग बघ कुठली अक्षरं एकाहून जास्त रेघांवर एकमेकांजवळ येतात. एका रेघेवर शेजारी असण्याला अर्थ नाही, तीन-चार रेघांवर सोबत असतील तर तो गट. तुझ्या या दोघी माझ्या अंदाजाने चारही रेघांवर एकाच बाजूला येतील. वय वेगळं, वागणं एक.

एखादं अक्षर कुठल्याच गटात बसत नसेल तर त्याला ओढून बसवू नकोस, बाजूला राहू दे. आणि सगळी अक्षरं सगळ्या रेघांवर विखुरलेली असतील तर रेघा चुकीच्या निवडल्यात असं समज, किंवा मुलाखती अजून कमी आहेत.

डिजिटल_दिनेश

किती मुलाखती म्हणजे पुरे? नऊ माणसांवरून हजारो वाचकांचं कसं ठरवणार? आमच्याकडे कुणी मान्य करणार नाही.

अनुजा_पर्वरी

किती टक्के वाचक असे आहेत हे नऊ मुलाखतींवरून सांगता येणार नाही, तिथे तुम्ही बरोबर आहात. इथे टक्केवारी नको आहे, वागण्याचे प्रकार हवे आहेत. नवा माणूस बोलायला लागला आणि ऐकलेल्यापेक्षा वेगळं काही येईनासं झालं की तात्पुरतं थांबायचं. एकसारख्या लोकांत हे बहुधा डझनाच्या आत होतं. पण माणिकच्या यादीत मला एक पोकळी दिसते. लांब राहणारे, म्हणजे तो मुंबईचा भाऊ, त्यात किती आहेत?

माणिक_फोंडा

एकच, आणि तोही फोनवर. बाकी सगळे घरी भेटलेले, म्हणजे अर्थात इथेच राहणारे.

रेघांचं काम काल रात्री केलं. चार अक्षरं खरोखर एकत्र आली. करून घेणाऱ्या, इथेच राहणाऱ्या, गळ दिसल्यावर वाचणाऱ्या. पैशाच्या रेघेवर तिघी "पटवून द्यावं लागतं" या टोकाला, चौथी मधे. स्वतः चढणारे दोघे पुरुष दुसऱ्या टोकाला. आणि एक निवृत्त प्राध्यापक कुठेच बसत नाहीत. तेच प्रजाती विचारणारे.

बाबल_सत्तरी

मी सगळं वाचतोय. मी स्वतः चढतो. म्हणजे लेख माझ्यासाठी नाही का? सांगून टाका.

अनुजा_पर्वरी

बाबलबाब, बरं झालं विचारलंत. गेल्या वर्षी तुम्ही दुसऱ्यांदा मारलं तो दिवस आठवतो का? पहिल्यानंतर किती दिवसांनी, आणि पाऊस कसा होता?

बाबल_सत्तरी

पहिली पाऊस लागायच्या आधी. दुसरी मधे उघडीपच मिळाली नाही म्हणून लांबली, चतुर्थीच्या जरा आधी मारली. त्या आधीच गळ सुरू झाली होती. मिश्रण मीच करतो, वडिलांनी शिकवलं तसं. त्याची काळजी नाही. मला फक्त दिवस कधी धरायचा ते कळत नाही. आणि पंपाचा फवारा वरच्या घोसापर्यंत पोहोचत नाही, त्याला कुठला नोझल?

माणिक_फोंडा

बाब, आमच्या लेखकाने सांगितलंय ते देते: लक्षणं कोळेरोगाचीच वाटतात. दुसरी फवारणी पहिलीनंतर ४० ते ४५ दिवसांनी व्हायला हवी, तुमची त्यापेक्षा बरीच उशिरा झालेली दिसते. खाली पडलेल्या सुपाऱ्या तिथेच ठेवू नका, गोळा करून नष्ट करा, रोग त्यांतून पसरतो. खात्री करायला विभागीय कृषी कार्यालयात घोस दाखवा.

अनुजा_पर्वरी

बघ माणिक, ही मुलाखतच झाली. बाबलबाबांचा प्रश्न दिवसाचा आणि नोझलचा आहे, ओसरीवरच्या बाईचा पिंपाचा. दोन्ही एकाच लेखात समान वजनाने घातले तर दोघांनाही सरकवत जावं लागेल. बाबलबाबांसाठी वेगळा लेख लिही. पण पहिला लेख चौघींच्या गटाचा, कारण त्यांना विचारायला घरात कुणी नाही.

आता त्या गटाचं एक पान लिही. नाव दे, म्हणजे तिघांना तिच्याबद्दल बोलता येईल. फोटो आणि छंद नकोत. एवढंच लिही: ती लेख उघडते तेव्हा कुठे आहे, समोर कोण आहे, तिला काय आधीच माहीत आहे, कशाची शंका आहे, वाचून झाल्यावर ती कुणाला काय सांगणार आहे, आणि कशाने ती लेख बंद करेल. प्रत्येक वाक्याच्या शेवटी कंसात मुलाखतीचं अक्षर किंवा प्रतिक्रियेची तारीख. ज्या वाक्याला पुरावा नाही तिथे "अंदाज" असं लिही. पानावर अंदाज जास्त झाले तर ती बाई तुझ्या मनातली आहे, वाचकांतली नाही.

माणिक_फोंडा

पान लिहिलं. इथे देताना अक्षरं आणि तारखा काढल्या आहेत.

शालन. कुळागर सासरचं, राहते तिथेच. लेख मोबाईलवर उघडते, उभी राहून, फवारणीवाला आलेला किंवा उद्या सकाळी यायचा असताना. मोरचूद आणि चुना लागतो हे तिला माहीत आहे, दोन्ही तिनेच आणून ठेवलंय. माणूस बरोबर कालवतो का आणि दुसरी फवारणी खरंच लागते का, या दोन शंका. वाचून झाल्यावर फवारणीवाल्याला एक गोष्ट करायला सांगणार आहे आणि रात्री नवऱ्याला किंवा मुलाला खर्चाचं कारण देणार आहे. फवारणीवाल्याशी भांडण नको आहे, कारण दुसरा माणूस मिळत नाही. लांबलचक प्रस्तावना दिसली की लेख बंद. मराठी वाचते, कृषी खात्याची पत्रकं मात्र अर्धीच समजतात (हा अंदाज).

केशर_डिचोली

"भांडण नको आहे" हे वाक्य फार मोलाचं आहे. ते सुटलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, माणसाला ठणकावून विचारा. आणि शालनने ते केलंच नसतं.

अनुजा_पर्वरी

केशरताई, अगदी हेच. आता माणिक, जुन्या लेखाचा प्रत्येक परिच्छेद घे आणि विचार, याचं शालन त्या अंगणात काय करेल? उत्तर नसेल तर परिच्छेद खाली ढकल किंवा काढ. इथे एक सापळा असतो. लिहिणाऱ्याला स्वतःचा परिच्छेद आवडतो, मग तो म्हणतो "शालनला हेही जाणून घ्यायला आवडेल". "वापरणारा" हा शब्द असा हवा तसा ताणला जातो याबद्दल अ‍ॅलन कूपर यांनी फार पूर्वीच सावध केलं होतं. सॉफ्टवेअरच्या जगात ही पद्धत त्यांनीच रुजवली. ओळखायची खूण सोपी आहे: शालनच्या नावाने एकही परिच्छेद गळला नसेल तर शालन ताणली गेली आहे.

माणिक_फोंडा

जुनी सुरुवात अशी होती: "कोळेरोग हा सुपारी पिकावरील एक अत्यंत विनाशकारी रोग असून तो फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे होतो. जास्त आर्द्रता व सततचा पाऊस या रोगास पोषक ठरतो."

शालनसाठी आता अशी केली आहे:

"फवारणीवाला मिश्रण करत असेल तर आधी पिंपाकडे बघा. पिंप प्लास्टिकचं हवं, लोखंडी किंवा पत्र्याचं नको. १०० लिटर मिश्रणाला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. दोन्ही वेगवेगळं ५०-५० लिटर पाण्यात विरघळवून मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचं आणि ढवळत राहायचं. झाल्यावर घासून स्वच्छ केलेलं कोयत्याचं पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. चुन्याचं पाणी थोडं थोडं घालून परत तपासा, पातं स्वच्छ निघेपर्यंत. हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. माणसाला सांगताना एवढंच म्हणा: चढायच्या आधी एकदा कोयता बुडवून बघूया."

त्यानंतर लगेच दुसऱ्या फवारणीचं कारण, घरी सांगता येईल अशा दोन वाक्यांत: पहिली पाऊस लागायच्या आधी मारतात, पण एवढ्या पावसात तिचा थर शेवटपर्यंत टिकत नाही आणि नव्याने वाढलेल्या फळांवर तो नसतोच. म्हणून ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून दुसरी. जीवाचं नाव, आर्द्रता वगैरे शेवटी गेलं. नोझलची माहिती पूर्ण काढली. आमचे एक लेखक नाराज आहेत. म्हणतात, शास्त्र शेवटी टाकलं की लेख हलका दिसतो.

मधुकर_म्हापसा

बातमीतही आम्ही महत्त्वाचं वर आणि तपशील खाली ठेवत असू, त्यामुळे या मांडणीला माझा विरोध नाही. नवी सुरुवात मला स्वतःला जास्त कळली हेही सांगतो. पण शास्त्र काढू नका. कारण समजलं तर पुढच्या वर्षी ती बाई स्वतः ठरवू शकेल. दर वेळी तिला लेखच उघडावा लागू नये.

बाबल_सत्तरी

कोयत्याची चाचणी वडील करायचे, मी सोडून दिली होती. आता करीन. नोझलचा लेख कधी?

अनुजा_पर्वरी

काकांचं म्हणणं मला पटतं. दुसऱ्या फवारणीचं कारण वरच ठेवलंय ते त्याच हेतूने.

माणिक, छापण्याआधी एक काम. त्या गटातल्या एखादीला मसुदा मोबाईलवर पाठव आणि वाचून झाल्यावर "कसा वाटला" असं विचारू नकोस. विचार, "आता उद्या माणूस आला की काय काय करणार, क्रमाने सांगा." कोयता तिच्या तोंडून आपणहून आला तर लेख लागू पडला. "चांगली माहिती आहे" एवढंच म्हणाली तर अजून काम आहे. शक्यतो तुझी मुलाखत न दिलेली बाई निवड, कारण जिने दिली तिला आपलीच गोष्ट ओळखू येईल.

पाऊस संपल्यावर नव्या प्रतिक्रिया त्याच तक्त्यात भर. शालनच्या पानावरच्या वाक्याला छेद देणाऱ्या दोन-तीन आल्या तर वाक्य बदल. पान कायमचं नसतं.

माणिक_फोंडा

फोंड्यातल्या एका ओळखीच्या बाईंच्या मावशीला मसुदा पाठवला. त्यांनी क्रमाने सांगितलं: पिंप, मोरचूद चुन्यात, मग कोयता. पण शेवटी म्हणाल्या, "कोयता त्याचाच असतो. तो देईल का?" म्हणून आता "घरातला कोयता किंवा सुरी" असं केलंय.

मुंबईच्या भावाचं काय करायचं हे मात्र ठरत नाही. त्याच्यासाठी दुसरं पान करावं का? दिनेश म्हणतात तसं बघितलं तर जुलैत बाहेरून येणारे वाचक वाढलेले दिसतात.

डिजिटल_दिनेश

करावंच. पैसे तो देतो, म्हणजे निर्णय त्याचा. माझ्या मते पहिला वाचक तोच असायला हवा होता.

अनुजा_पर्वरी

एका फोनवरच्या बोलण्यावर आणि एका प्रतिक्रियेवर पान करू नये, ते सगळं अंदाजांचं होईल. आणि निर्णय त्याचा हेही अजून गृहीतच आहे. शालनच्या रेघेवर तर पैशाचं बोलणं तिनेच सुरू केलेलं दिसतं. चतुर्थीला असे लोक गावी येतात. तेव्हा पाच-सहा जणांना गाठता आलं तर बघ आणि विचार, मागच्या वेळी घरून पैशाचा फोन आला तेव्हा काय झालं. तोवर त्याची प्रतिक्रिया तक्त्यात राहू दे.

माणिक_फोंडा

चतुर्थीपर्यंत थांबते. तोवर बाबलबाबांचा नोझलचा लेख. त्यासाठी स्वतः चढणारे आणखी तीन-चार जण हवेत, सत्तरी किंवा सांग्यातले. कुणाच्या ओळखीत असतील तर कळवा. सगळ्यांना, देव बरें करूं.

बाबल_सत्तरी

आमच्या वाड्यावर दोघे आहेत. रविवारी सकाळी या, पण नऊच्या आत, नंतर ते झाडावर असतात.